माल संपला की गिऱ्हाईक थांबतं का जातं? लॉस्ट सेल, बॅकऑर्डर आणि स्टॉकआउटचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं सबमर्सिबल पंप आणि स्पेअरचं दुकान आहे, सिन्नर-संगमनेर पट्ट्यात. माल कोइमतूर आणि राजकोटकडून येतो, सीझन फेब्रुवारी ते मे. खालचे सगळे आकडे आमच्याच वहीतले आहेत, समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत. तुमचं दुकान टाइल्सचं असो, औषधाचं असो का ट्रॅक्टर पार्टचं, हिशोबाची रीत हीच राहील, आकडे मात्र तुमचे तुम्हालाच काढावे लागतील.

लॉस्ट सेल आणि बॅकऑर्डर यात नेमका फरक काय?

गिऱ्हाईक आलं, माल नव्हता, ते दुसरीकडून घेऊन गेलं किंवा घेतलंच नाही, तर ती लॉस्ट सेल. गिऱ्हाईक आलं, माल नव्हता, पण ते म्हणालं "बरं, आला की फोन करा, हे हजार रुपये ठेवा", तर ती बॅकऑर्डर, आपल्या भाषेत बुकिंग.

सांगायला एवढंच आहे पण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. लॉस्ट सेलमध्ये त्या नगावरचा पूर्ण नफा जातो. बॅकऑर्डरमध्ये नफा उशिरा का होईना येतो, फक्त त्यातून थोडं थोडं गळतं, जादा भाडं, सूट, फोन, आणि काही बुकिंग शेवटी रद्द होतात. म्हणून "माल संपला तर किती नुकसान" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, माल नसताना दहा जण आले तर त्यातले थांबले किती?

मग कुठला माल लॉस्ट सेलचा आणि कुठला बॅकऑर्डरचा, अशी यादी करता येईल का?

आम्ही सुरुवातीला हेच केलं आणि चुकलो. स्पेअर म्हणजे लॉस्ट सेल, पूर्ण पंप म्हणजे बुकिंग, अशी सरळ वाटणी करून टाकली. वाटलं, २५-२६ हजाराची वस्तू आहे, माणूस चार दिवस थांबेलच.

मग एप्रिलात एक दिवस सकाळी साडेआठला पिकअप येऊन थांबली, मागे जळालेली साडेसात एचपीची मोटार, अजून ओली, चिखल तसाच. शेतकरी खाली उतरायच्या आधीच विचारतो, "व्ही-सिक्स साडेसात आहे का तयार?" मी म्हटलं, "दादा, गुरुवारी गाडी येते, तुमचा नग बाजूला काढतो." तो म्हणाला, "गुरुवारपर्यंत डाळिंब राहील का माझं?" आणि गाडी वळवून गेला. पाचच मिनिटांत गेला. त्याच दुपारी दुसरे एक काका आले, नवीन बोअर घेतलेला, वीज कनेक्शनचं काम अजून व्हायचं होतं. त्यांनाही तोच पंप हवा होता, अगदी तेच मॉडेल. ते म्हणाले, "आठ दिवस लागले तरी चालतील, पण भाव आजचाच धरा."

वस्तू एकच, दुकान एकच, दिवसही एकच. एक लॉस्ट सेल, एक बॅकऑर्डर. म्हणजे हे वस्तूवर लिहिलेलं नसतं, गिऱ्हाइकाच्या निकडीवर असतं. तेव्हापासून आम्ही वस्तूची यादी करत नाही, प्रत्येक वस्तूला "किती टक्के थांबतात" हा आकडा काढतो.

सगळं Tally मध्ये आहे की, वेगळी वही कशाला ठेवायची?

कारण जे विकलंच नाही त्याचं बिल होत नाही, आणि बिल नाही म्हणजे कॉम्प्युटरमध्ये काहीच नाही. बुकिंग घेतलं तर Sales Order टाकता येते, ती दिसते. पण "नाही" ऐकून जो निघून गेला त्याची कुठेच नोंद होत नाही.

यामुळे काय होतं ते आमच्या थ्रस्ट बेअरिंगवर दाखवतो. (रिवाइंडिंगला आलेल्या मोटारीत हा सेट बऱ्याचदा बदलावा लागतो, त्यामुळे फिटर लोक रोज मागतात.) एका एप्रिलात ३० दिवसांपैकी ९ दिवस हा सेट शून्य होता. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला माल पडून राहिला आणि आम्हाला कळलंच नाही. महिनाअखेर विक्री दिसली ५५ नग, म्हणजे दिवसाला १.८. आता पुढच्या वर्षीची ऑर्डर या ५५ वरून दिली तर काय होणार, पुन्हा कमी पडणार. खरं चित्र असं होतं की माल होता त्या २१ दिवसांत ५० नग गेले, म्हणजे दिवसाला २.४, आणि शून्य असलेल्या ९ दिवसांत २२ नगांची मागणी वहीत होती, तीही दिवसाला २.४ च येते. म्हणजे खरी मागणी ७२ ची. ५५ मधले वरचे ५ हे बुकिंगवाले होते, जे नंतर घेऊन गेले.

वही नसेल तरी निदान एवढं करा, विक्रीला महिन्याच्या ३० दिवसांनी भागू नका, माल हातात होता तेवढ्याच दिवसांनी भागा. ५० भागिले २१. फक्त एक बघायचं, Tally मध्ये मायनस स्टॉक चालू ठेवला असेल तर कुठल्या दिवशी खरंच शून्य होतं ते कळत नाही, कारण बिल आधी फाटतं आणि खरेदीची एंट्री चार दिवसांनी पडते. आधी ते सुधारा, नाहीतर पुढचा सगळा हिशोब पाण्यात.

"नाही"च्या वहीत लिहायचं तरी काय?

जास्त रकाने केले की काउंटरवरचा पोरगा लिहीत नाही, हे आम्ही करून बघितलंय. पाच गोष्टी बास: तारीख, वस्तू, किती नग, कोण (फिटर असेल तर नाव, नवीन असेल तर नुसतं "नवीन"), आणि काय झालं. "काय झालं" यात एकच अक्षर, ग म्हणजे गेला, ब म्हणजे बुकिंग, द म्हणजे दुसऱ्या कंपनीचा घेतला. गेला असेल तर बाकीची यादी आपल्याकडून घेतली का सगळंच घेऊन गेला, एवढी एक खूण बाजूला.

दोन ठिकाणी वही फसवते. एक म्हणजे दुहेरी नोंद. फिटर सकाळी पोराला पाठवतो, दुपारी स्वतः फोन करतो, संध्याकाळी जाता जाता डोकावतो, आणि वहीत तीन नग लागतात. रोज रात्री दुकान बंद करताना नावं वाचली की असं लगेच सापडतं. दुसरं म्हणजे नुसते भाव विचारणारे. ज्याने भाव ऐकून "बघतो" म्हटलं त्याला तर माल असतानाही विकला गेला नसता, त्याला लिहू नका. मी पोरांना सांगून ठेवलंय, "आहे का?" विचारलं तर लिही, "केवढ्याला?" विचारलं तर थांब, पुढे काय म्हणतो ते ऐक.

एका नगाच्या स्टॉकआउटचा खर्च कसा काढायचा?

बेअरिंगचंच उदाहरण पूर्ण करू. खरेदी ६२०, विक्री ८००, नफा १८०. त्या ९ दिवसांतल्या २२ नगांचं असं झालं: १३ गेले, ४ जणांनी दुसऱ्या कंपनीचा घेतला, ५ थांबले.

गेलेल्या १३ चा नफा १८० प्रमाणे २,३४०. बहुतेक जण इथेच थांबतात आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. फिटर एकटं बेअरिंग घ्यायला येत नाही, त्याच्या हातात चिठ्ठी असते, त्यावर वाइंडिंग वायर असते, बुश असतात, कधी केबल. आमची जुनी बिलं काढून बघितलं तर बेअरिंग ज्या बिलात आहे त्यातल्या बाकीच्या मालावर सरासरी २४० नफा होता, म्हणजे बेअरिंगपेक्षा जास्त. १३ पैकी ८ जणांनी चिठ्ठी घडी करून खिशात टाकली आणि सगळंच दुसरीकडे घेतलं, ५ जणांनी बाकीचं आपल्याकडून घेतलं. तर ८ गुणिले २४०, झाले १,९२०.

दुसऱ्या कंपनीचा घेतला त्यात आपल्याला नफा १५० च मिळतो, म्हणजे नगामागे ३० कमी, चाराचे १२०. थांबलेल्या पाचांसाठी माल एसटी पार्सलने मागवला, भाडं आणि थोडी सूट धरून नगामागे ६०, झाले ३००.

सगळं मिळून ४,६८०. भागिले २२, म्हणजे कमी पडलेल्या एका नगामागे २१३ रुपये. वस्तूवरचा नफा १८० आणि स्टॉकआउटचा खर्च २१३, नफ्यापेक्षा जास्त! तेही पाच जण थांबले आणि चार जणांनी दुसरा घेतला तरी. चिठ्ठीवरचा बाकीचा माल धरला नसता तर २,७६० भागिले २२ म्हणजे १२५ च आले असते, आणि आपण बिनधास्त राहिलो असतो.

एक्सेलमध्ये करायचं असेल तर B मध्ये नग आणि C मध्ये त्या प्रकारचा नगामागचा सरासरी खर्च टाका (गेलेल्यांसाठी ४,२६० भागिले १३, म्हणजे ३२८):

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/SUM(B2:B4)
```

नुकसान नफ्यावर धरायचं का विक्रीच्या रकमेवर?

नफ्यावर. ८०० चा नग विकला गेला नाही म्हणून ८०० बुडाले नाहीत, ६२० तुमच्याकडेच आहेत. विक्रीची रक्कम धरली की आकडा भीतीदायक होतो आणि माणूस घाबरून गोडाऊन भरून टाकतो. पण उलटही लक्षात ठेवा, नफा म्हणजे दुकानाचं भाडं-पगार वजा करून उरलेला नाही. तो एक नग विकला नाही म्हणून भाडं कमी होत नाही, म्हणून खरेदी-विक्रीतला सरळ फरकच धरायचा.

आणि गिऱ्हाईक कायमचंच गेलं तर?

हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि इथे लोक दोन टोकं गाठतात. काही जण हे धरतच नाहीत, काही जण "एक फिटर म्हणजे आयुष्याची कमाई" म्हणून लाखाचा आकडा लिहितात.

आम्ही असं केलं. गेलेले १३ नग एकूण ९ फिटरांचे होते. त्यांची पुढच्या तीन महिन्यांची खरेदी काढली आणि आधीच्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून बघितली. सातांची नेहमीसारखी, एकाची निम्म्यावर आली, एक आलाच नाही. म्हणजे दीड फिटर गेला असं वाटतं. पण थांबा, ज्यांना त्या ९ दिवसांत "नाही" ऐकावंच लागलं नाही असे आमचे साधारण ४० फिटर आहेत, त्यातलेही २ त्याच काळात बंद झाले, कुणी धंदा सोडला, कुणी गाव बदललं. म्हणजे शंभरातले पाच तसेही जातात. नऊमागे तो हिस्सा अर्ध्याच्या आसपास येतो. दीडातून अर्धा वजा, एक फिटर आपल्या "नाही"मुळे गेला असं धरलं.

एका फिटरकडून त्या तीन महिन्यांत साधारण ६,००० नफा येतो. ६,००० भागिले २२ म्हणजे नगामागे २७३. मूळचे २१३ मिळवले तर ४८६.

मी दोन्ही आकडे ठेवतो, २१३ हा पक्का आणि ४८६ हा दिसलेला. तीन महिन्यांच्या पुढचं धरत नाही, कारण ते आम्ही बघितलेलं नाही. आणि हेही उघड सांगतो की नऊ फिटरांचा हिशोब म्हणजे फार थोडी माणसं, एक जण इकडचा तिकडे झाला की आकडा दुप्पट होतो नाहीतर शून्य. म्हणून यावर एकट्यावर निर्णय घेऊ नका. पण जो फिटर आला नाही त्याला फोन करा. आम्ही केला होता, तो म्हणाला, "शेठ, एकदा नाही म्हटलात त्याचं काही नाही, पण तीन वेळा येऊन तिन्ही वेळा उद्या येईल म्हणालात." तेव्हा कळलं की माल नसल्यापेक्षा खोटा वायदा जास्त महागात पडला. आता गाडीची पावती नंबर हातात असल्याशिवाय तारीख सांगायची नाही असा नियम केलाय.

बॅकऑर्डर तर फुकटच असते ना, नफा तर मिळतोच?

नाही हो. पंपाचं बघा. साडेसात एचपी, खरेदी २४,०००, विक्री २६,५००, नफा २,५००. एका सीझनला १२ बुकिंग घेतली. भरलेल्या गाडीत पंप आला तर भाडं कमी पडतं, एकटा मागवला की नगामागे २५० जास्त. उशीर झाला म्हणून सूट मागणारे निम्मे, सरासरी १०० धरा. हे झाले ३५०. आणि १२ पैकी २ बुकिंग रद्द झाली, प्रत्येकी २,५०० गेले, म्हणजे ५,०००, ते बारावर वाटले की ४१७. एकूण नगामागे ७६७.

म्हणजे निम्म्याहून जास्त खर्च रद्द झालेल्या दोन बुकिंगचा आहे. रद्द झालेली बॅकऑर्डर म्हणजे उशिरा कळलेली लॉस्ट सेलच. आणि ती कधी रद्द होते तेही वहीत दिसलं, ३ दिवसांच्या आत माल दिलेल्या ७ जणांपैकी एकही फिरला नाही, दोन्ही रद्द झाले ते ३ दिवसांच्या पुढच्या ५ मधले. म्हणून बुकिंगच्या नोंदीत "कबूल केलेला दिवस" आणि "दिलेला दिवस" दोन्ही लिहा, तुमच्या गिऱ्हाइकाचा धीर किती दिवसांत संपतो ते त्यातूनच कळतं.

ॲडव्हान्स घेतला तर रद्द होणं कमी होतं हे खरं, पण ॲडव्हान्स मागितला की काही जण तिथेच "बघतो" म्हणून जातात, आणि ते मग ब मध्ये नाही तर ग मध्ये लिहावे लागतात. शिवाय ॲडव्हान्स न घेतलेल्या बुकिंगमध्ये दोन दुकानांत नाव लावून ठेवणारेही असतात, जिथे आधी येईल तिथून घेतात. त्यांना पक्की मागणी समजून माल भरला की पंप गोडाऊनला पडून राहतो.

हा आकडा काढला, आता त्याचं करायचं काय?

आता किती माल ठेवायचा ते ठरवायचं. तराजूच्या एका बाजूला कमी पडल्याचा खर्च, दुसऱ्या बाजूला एक नग जास्त ठेवल्याचा खर्च. आम्ही दर आठवड्याला ऑर्डर देतो म्हणून जास्तीच्या नगाचा आठवड्याचा खर्च धरतो. बँकेचं सीसीचं व्याज, गोडाऊन, विमा, गंज, मॉडेल जुनं होणं, सगळं मिळून वर्षाला खरेदीच्या २०% धरलं. पंपाला २४,००० चे २०% भागिले ५२, म्हणजे आठवड्याला ९२ रुपये.

```
P = Cu / (Cu + Co)
```

Cu म्हणजे एक नग कमी पडल्याचा खर्च, Co म्हणजे एक नग जास्त ठेवल्याचा. P म्हणजे शंभरातल्या किती वेळा माल पुरला पाहिजे.

आता पंप नसताना आलेले एकूण २० जण होते. ८ जळालेल्या मोटारवाले, सगळे गेले, २,५०० प्रमाणे २०,०००. १२ बुकिंगवाले, ७६७ प्रमाणे साधारण ९,२००. एकूण २९,२०० भागिले २०, नगामागे १,४६०. P काढला तर १,४६० भागिले १,५५२, म्हणजे ९४%.

पुढची पायरी. ऑर्डर आठवड्याला एकदा आणि माल यायला सहा दिवस, म्हणजे आज ठरवलेला माल साधारण दोन आठवडे पुरला पाहिजे. मागच्या दोन सीझनचे १६ पंधरवडे घेतले, प्रत्येकात किती पंप मागितले गेले (विकले नव्हे, मागितले) ते लहानापासून मोठ्यापर्यंत लावले: २, ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ५, ५, ६, ६, ६, ७, ८, ९. सोळाचे ९४% म्हणजे जवळजवळ पंधराच, म्हणून पंधरावा आकडा, ८. दर सोमवारी हातातला आणि रस्त्यावरचा मिळून ८ पंप होतील एवढी ऑर्डर द्यायची.

आता बघा चुकीचं धरलं असतं तर काय झालं असतं. "पंप तर बुकिंगवर जातो" म्हणून फक्त ३५० धरले असते तर P ७९%, म्हणजे तेरावा आकडा, ६ पंप. "गेला तर गेलाच" म्हणून सगळे २,५०० धरले असते तर P ९६%, म्हणजे पंधराच्या पुढे, सोळावा आकडा, ९ पंप. सहा, आठ, नऊ. गिऱ्हाईक थांबतं का जातं एवढ्या एका प्रश्नावर तीन पंपांचा, म्हणजे ७२ हजारांचा फरक.

बेअरिंगला हाच हिशोब केला तर जास्तीच्या नगाचा आठवड्याचा खर्च अडीच रुपयेसुद्धा नाही आणि कमी पडल्याचा २१३. P जवळजवळ ९९%. तिथे डोकं लावायची गरजच नाही, सीझनला भरून ठेवायचं. २१३ का ४८६ हा वादसुद्धा तिथे निरर्थक ठरतो कारण उत्तर तेच येतं. ज्या वस्तूत उत्तर बदलत नाही तिथे आकडा बारकाईने काढत बसू नका, पंपासारख्या महाग मालावर वेळ घालवा.

एक मर्यादा सांगतो. हे सूत्र असं धरतं की उरलेला नग पुढच्या आठवड्यात विकला जाईलच. मेअखेरीला पाऊस तोंडावर असताना ते खरं नसतं, उरलेला पंप फेब्रुवारीपर्यंत पडून राहतो, म्हणजे Co ९२ नाही तर तीन हजारांच्या वर जातो. म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही हा आकडा वापरत नाही, माल उतरवायला लागतो.

ऑर्डर देताना बॅकऑर्डर आणि लॉस्ट सेल वेगळे मोजायचे का?

हो, आणि इथे बरेच जण घसरतात. समजा ८ पर्यंत न्यायचंय, हातात शून्य, रस्त्यावर ३ आणि बुकिंग २. ऑर्डर ५ ची नाही, ७ ची द्यायची, कारण येणाऱ्या तिनातले दोन आधीच दुसऱ्याचे आहेत. पण त्याच आठवड्यात ४ जण जळालेल्या मोटारी घेऊन परत गेले म्हणून ४ जास्त मागवायचे नाहीत, त्यांनी पंप घेतला, बसवला, पाणी चालू झालं, ते आता येणार नाहीत. गेलेले लोक मागणीच्या हिशोबात धरायचे, येणाऱ्या ऑर्डरमध्ये नाही.

मोठ्या अभ्यासातले टक्के थेट वापरले तर चालतील का?

२००२ चा एक गाजलेला अभ्यास आहे, ग्रुएन, कॉर्स्टन आणि भारद्वाज यांचा, जगभरच्या किरकोळ दुकानांतला. त्यात सरासरी ८.३% वस्तू शेल्फवर नसतात असं निघालं, आणि वस्तू नसली की ३१% लोक दुसऱ्या दुकानात घेतात, २६% दुसरा ब्रँड घेतात, १९% त्याच ब्रँडचा दुसरा प्रकार घेतात, १५% नंतर घेतात, ९% घेतच नाहीत.

हे टक्के साबण, शाम्पू, डायपर अशा मालाचे आहेत, पंपाला लावू नका. पण त्यातून एक गोष्ट नीट समजते. दुकानदाराला ३१ आणि ९ महागात पडतात, कारण दुसरा ब्रँड घेतला तरी पैसे त्याच गल्ल्यात येतात. कंपनीला मात्र २६ आणि ९ लागतात, कारण दुसऱ्या दुकानात का होईना तिचाच माल गेला तर तिचं काही जात नाही. एकाच रिकाम्या शेल्फचे दोन वेगळे खर्च. म्हणून कंपनीचा सेल्समन "स्टॉकआउट फार महाग पडतं शेठ" म्हणतो तेव्हा तो त्याचा खर्च सांगत असतो, आपला आपण काढायचा.

सगळ्याच दुकानांत माल शॉर्ट असेल तर?

मग खर्च बराच कमी होतो, कारण जायला दुसरीकडे जागाच नसते. कंपनीकडूनच माल येत नव्हता त्या आठवड्यात आमच्या वहीत ब एकदम वाढले. ते दिवस सरासरीत मिसळू नका, बाजूला तारांकित करा, नाहीतर वाटेल आपली गिऱ्हाइकं फार धीराची आहेत.

हा आकडा किती दिवसांनी पुन्हा काढायचा?

आम्ही सीझनच्या आधी एकदा, जानेवारीत काढतो. मध्ये फक्त दोन कारणांनी बदलतो, जवळपास नवीन दुकान उघडलं तर, किंवा माल यायचे दिवस बदलले तर. मागच्या वर्षी बायपासला एक नवीन दुकान झालं, आणि महिन्याभरात वहीतल्या नवीन बोअरवाल्यांपुढेही ब ऐवजी ग दिसायला लागला. तेव्हा पंपाचे थांबणारे पुन्हा मोजले आणि ८ चे ९ केले.